मोठ्या अक्षरातली सही

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

अंबाजोगाई,
दि. ४ ऑगस्ट २०२५

चि. केदारनाथ यास गंगासागरअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे २९ जुलैचे पत्र शुक्रवारी हाती आले. बालाघाट लघुतलाव महामंडळातले सल्लागारपद तू प्रकृतीच्या कारणास्तव सोडतो आहेस, एवढीच बातमी त्यात आहे आणि ती सांगायला तुला नऊ ओळी लागल्या आहेत. ज्या कचेरीत कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालास, तिथेच पुन्हा सल्लागार होऊ नकोस, असे तीन वर्षांपूर्वी मीच म्हटले होते. तेव्हा तू मला चार पानांचे उत्तर पाठवलेस. आता माझ्याच मनासारखे होत असताना नऊ ओळी? म्हणून आनंद होण्याऐवजी शंका आली.

प्रकृती हे कारण आहे की नाव, हे मला कळले पाहिजे. रक्तदाब असेल तर रक्तदाब लिहावा, गुडघा असेल तर गुडघा. 'प्रकृती' असा कोणताही आजार वैद्यकात नाही. त्यातून पत्र टंकलिखित. माझा पोस्टमन बिभीषण पत्ता पाहताच इंजिनियर साहेबांचे पत्र आले म्हणून दारातून सांगत असे. या वेळी त्याने ते विजेच्या बिलासोबत पायरीवर ठेवून दिले. शिवाय राजीनाम्याचा मसुदा कचेरीनेच करून दिला, असे तू लिहितोस. एखाद्याने जावे अशी दुसऱ्याची इच्छा असते तेव्हा मसुदा दुसऱ्याकडून येतो. चाळीस वर्षे मुलांना तर्कशास्त्र शिकवले. याला मी अजून सिद्धता म्हणत नाही, पण संशयाला एवढे पुरेसे आहे.

फोनवर उत्तर देऊ नये. ऐकण्याचे यंत्र शिट्टी वाजवते आणि तू ती सबब वापरतोस. सुनेस, चि. ईश्वरीस, आशीर्वाद.

उत्तर खरे असावे, मग ते कसेही असो.

तुझी,
अक्का

*

बीड,
दि. ९ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास केदारनाथचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. सेवेत असताना विभागीय चौकशीला मी दोनदा सामोरा गेलो. दोन्ही वेळचे चौकशी अधिकारी तुझ्यापेक्षा सौम्य होते.

टंकलिखिताचे कारण साधे आहे. ईश्वरीच्या शाळेने तिला संगणक दिला आहे आणि मला आळस आला आहे. प्रकृतीचे म्हणशील तर थकवा आहे. वय एकसष्ट. तलावाच्या भरावावर चढलो की उतरताना आधार लागतो. यापेक्षा अधिक काही नाही, काळजी करू नये.

मसुद्याचीही हकिगत सांगतो. माझा करार एकेका वर्षाचा. तिसऱ्या वर्षाची मुदत ३० जूनला संपली. मुदतवाढीचा प्रस्ताव मंजूर होता, पण आदेश निघाला २१ जुलैला, १ जुलैपासून लागू असा. मधले तीन आठवडे तोंडी सूचनेवर काम केले. आपल्याकडे असेच चालते. आता नव्या करारावर सही करायची तर पंधरा दिवसांत जिल्हा शल्यचिकित्सकांचे योग्यता प्रमाणपत्र द्यावे लागते. मला ती यातायात नको. तेव्हा अधीक्षक अभियंता विजयसिंह यांनी सुचवले की मुदतवाढ स्वीकारलीच नाही, वैयक्तिक कारणास्तव ३० जूनपासून काम थांबवले, असे दोन ओळींत लिहून द्यावे. म्हणजे महिन्याची पूर्वसूचना नको, प्रमाणपत्र नको, कोणी काही विचारणार नाही. विजयसिंह माझ्याच हाताखाली शिकलेला आहे. माझी सोय पाहूनच तो बोलला.

सल्लागाराला अधिकार तरी कोणते? मोजमाप पुस्तक शाखा अभियंत्याचे, देयक विभागाचे. मी फक्त कामाच्या गुणवत्तेची तपासणी टिप्पणी लिहितो. ती जोडल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक पुढे सरकत नाही, इतकीच तिची किंमत. शेवटची टिप्पणी १६ जुलैला लिहिली, मांजरसुंब्याच्या अलीकडे नवा तलाव झाला आहे त्याची. भरावाच्या पोटातली काळी माती नीट दाबलेली नाही, सबब तलाव भरू नये, असे लिहिले. विजयसिंह जरा नाराज झाला. पण ते आमचे नेहमीचे.

मसुद्यावर सोमवारी सही करीन म्हणतो. तुझा राग ओसरला की लोभाची आठवण ठेवावी.

तुझा,
केदार

*

अंबाजोगाई,
दि. १३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. ईश्वरीस आत्याचे आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तुझ्या नावे तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवत आहे. त्याचा अर्थ तुझ्या लक्षात येईल.

केदारच्या नावाने मला आलेली दोन्ही पत्रे तू लिहिली आहेस. केवळ टंकलिखित केलीस असे मी म्हणत नाही. 'काळजी करू नये' हे वाक्य माझ्या भावाने साठ वर्षांत मला कधी लिहिलेले नाही. त्याला ठाऊक आहे की असे लिहिले की मी काळजी करते. माणूस स्वतः लिहू शकत असता दुसरा त्याच्या नावाने लिहितो, तेव्हा एकतर त्याला लिहू दिले जात नाही किंवा काही झाकायचे असते. तुझे यजमान चि. प्रभुलिंग पुण्याला नोकरीवर. घरात तुम्ही दोघेच. म्हणून प्रश्न तुलाच विचारते. तुझ्या सासऱ्यांनी हे पद घाईने, मागच्या तारखेने सोडण्यात तुझा अथवा तुझ्या माहेरच्या कोणाचा काही संबंध आहे काय? तुझे मामा नेकनूरला ठेकेदारी करतात, हे मी विसरलेले नाही.

प्रश्न कडू आहे, हे मला कळते. तू निर्दोष असशील तर तो तुला दुखावेल आणि मी तुझी क्षमा मागेन. नसशील तर तो तुला घाबरवील. दोन्हींपैकी काय झाले ते तुझ्या उत्तरावरून मला कळेल. तोवर केदारला कशावरही सही करू देऊ नये.

आशीर्वाद मात्र उत्तरावर अवलंबून नाहीत.

आत्या

*

बीड,
दि. १८ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईंस ईश्वरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र शिपाईबाईने भर तासाला वर्गात आणून दिले. मुलांना शुद्धलेखन घालून मी ते वाचले. तुम्ही लिहिलेत त्याप्रमाणे दुखावले, घाबरले नाही. माझ्या मामांनी ठेकेदारी सोडून सहा वर्षे झाली. आता ते मांजरसुंब्याला ढाबा चालवतात आणि त्यांच्या हातून फक्त रस्सा बिघडतो.

मामंजींनी मला शपथ घातली होती. ती आज मोडते.

त्यांचा उजवा हात कापतो. त्याहून वाईट म्हणजे अक्षर लहान होत जाते. ओळ नीट सुरू होते आणि टोकाला जाईपर्यंत मुंगीएवढी उरते. जानेवारीत लक्षात आले. मार्चमध्ये बँकेने सही जुळत नाही म्हणून त्यांचा धनादेश परत केला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. २४ मार्चला आम्ही दोघे बँकेत गेलो आणि नमुना सही बदलून दिली. नवी सही जुनीच्या पाव आकाराची आहे. १७ एप्रिलला छत्रपती संभाजीनगरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कंपवात म्हणून निदान केले. तुम्हाला पत्र लिहायला बसले की चार-चार कागद फाडायचे. अक्काने अक्षर पाहिले तर एका नजरेत ओळखेल, म्हणायचे. शेवटी मी टंकलेखन करू लागले. ते सांगत, मी लिहीत असे. 'काळजी करू नये' हे मात्र माझे. तेवढ्यावरून मी सापडले, याचे आता हसू येते.

दुसरे सांगायचे ते अधिक काळजीचे आहे. मंगळवारी कचेरीतले वरिष्ठ लिपिक तात्याबा घरी आले. जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याकडून त्याने लिहिलेल्या टिप्पण्यांच्या यादीवर सही घेतल्याशिवाय तात्याबा त्याला सोडत नाहीत. तशी त्यांची तीस वर्षांची रीत. यादीसोबत छायाप्रतीही होत्या. त्यात त्याच मांजरसुंब्याच्या तलावाच्या ९ मेच्या तीन टिप्पण्या निघाल्या. माती योग्य, दाब योग्य, तलाव भरण्यास हरकत नाही, असा मजकूर आणि खाली मामंजींची सही, पहिल्यासारखी मोठी, खालच्या लांब फटकाऱ्यासकट. तात्याबा म्हणाले की साहेबांची सही लई दिवसांनी पुन्हा भरली, हात बरा दिसतो. मामंजींनी कागद हातात घेतला आणि सही फार चांगली आहे एवढेच म्हणाले.

सहीसाठी यादी आणि प्रती ठेवून तात्याबा गेल्यावर मामंजी मला म्हणाले की मी केली असेन, आठवत नाही. आता डोकेही जायला लागले असेल. सोमवारी राहून गेलेली मसुद्यावरची सही करून एकदाचे मोकळे व्हावे, एवढेच त्यांचे चालले आहे. मी मसुदा माझ्या शाळेच्या पिशवीत ठेवला आहे आणि सापडत नाही असे सांगितले आहे.

काय करू ते लिहा. रागावलात तरी चालेल, पण लवकर लिहा.

तुमची,
ईश्वरी

*

अंबाजोगाई,
दि. २१ ऑगस्ट २०२५

चि. केदारनाथ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

ईश्वरीवर रागावू नकोस. तिने शपथ मोडली ती माझ्या आरोपामुळे, आणि आरोप चुकीचा होता. तिची क्षमा मी वेगळ्या पत्राने मागितली आहे. मी संशय योग्य गोष्टीचा घेतला, पण चुकीच्या माणसाचा. वर्गात अशा उत्तराला मी निम्मे गुण देत असे.

तुझ्या आजाराबद्दल भेटल्यावर बोलू. आज कामाचे तेवढेच लिहिते.

तू घाबरला आहेस ते हाताला नव्हे, डोक्याला. सही केली आणि विसरलो, अशी तुला भीती आहे. तर ऐक. सही केल्याचे तू विसरू शकशील. तुझा हात मात्र लहान लिहायचे विसरू शकत नाही. २४ मार्चला बँकेत पाव आकाराची सही करणारा हात ९ मेला पूर्ण आकाराची सही करतो, हे कसे? प्रयत्नाने किंवा औषधाच्या भरात एखादी ओळ मोठी लिहिता येते, हे मी इथल्या डॉक्टर सत्यभामाबाईंना विचारून घेतले आहे. तुझ्या विरुद्ध बाजूचा मुद्दा मी टाळणार नाही. म्हणून आणखी एक पाहा. त्या तिन्ही छायाप्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धर. सह्या तंतोतंत एकमेकींवर बसल्या तर त्या एकाच जुन्या सहीवरून गिरवलेल्या आहेत. जिवंत हात दोनदा सारखी सही करीत नाही; निरोगी असला तरी नाही. ज्याने हे केले त्याने जुनी नस्ती पाहिली, तुला पाहिले नाही.

आता मसुद्याकडे ये. ३० जूनपासून मी सल्लागार नव्हतो, असे तू लिहून दिलेस तर १६ जुलैची तुझी टिप्पणी कोणाची? अधिकार नसलेल्या एका निवृत्त माणसाची. ती आपोआप बाद. ९ मेच्या तिन्ही मात्र मुदतीतल्या, म्हणून वैध. तलाव भरायला मोकळा आणि नाव तुझे. उद्या भराव बसला तर खालच्या वस्तीला तुझी मोठी सही दाखवली जाईल. आणि 'वैयक्तिक कारण' कशासाठी, तर आजाराची तारीख कागदावर येऊ नये म्हणून. विजयसिंहाला आजार ठाऊक होता असे मी म्हणत नाही. पण तुझी सोय आणि त्याची सोय एकाच वाक्यात मावते, हे मला पुरे आहे.

तेव्हा स्वतःचे पत्र लिही. व्यवस्थापकीय संचालकांच्या नावे, प्रत अधीक्षक अभियंता व दक्षता पथकास. २१ जुलैच्या आदेशान्वये मुदतवाढ चालू आहे असे आधी म्हण. मग प्रकृती, आजाराचे नाव आणि निदानाची तारीख. तज्ज्ञांचे प्रमाणपत्र जोड. करारातल्या कलमाप्रमाणे पत्राच्या तारखेपासून एक महिन्याची पूर्वसूचना दे, एक दिवसही कमी नको. २४ मार्चनंतर स्वतः लिहिलेल्या टिप्पण्यांची यादी दे आणि यांखेरीज माझी कोणतीही टिप्पणी नाही असे स्पष्ट लिही. नवी नमुना सही बँकेकडून प्रमाणित करून घे. पत्र आवक शाखेत द्यावे आणि दुय्यम प्रतीवर शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय जागचे हलू नये.

यात तुझे नुकसान आहे, ते झाकणार नाही. एप्रिलमध्ये निदान झाले आणि तू ऑगस्टपर्यंत सांगितले नाहीस, असा ठपका येईल. तुझ्या खऱ्या टिप्पण्याही पुन्हा तपासल्या जातील. हा ठपका खरा आहे, म्हणून तो सोसता येईल. दुसरा खोटा आहे, आणि खोट्याचे ओझे कधी संपत नाही.

हात कापत असला तरी या पत्राखाली सही तूच करायची. जशी येईल तशी.

तुझी वाट पाहणारी,
अक्का

*

बीड,
दि. २५ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

टंकलेखन ईश्वरीचे, शब्द माझे. या वेळी तिने स्वतःचे एकही वाक्य घातलेले नाही, असे ती लिहायला सांगते.

सह्या काचेवर तंतोतंत बसल्या. ईश्वरीने धरल्या, मी पाहिल्या. तात्याबा येऊन गेल्यापासून त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवलो. आजार आहे तेवढाच आहे, हे कळणे किती सुखाचे असते ते तुला कसे सांगू.

२५ ऑगस्टला पत्र दिले. तात्याबांनी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, आणि सहीकडे पाहून मला खुर्ची दिली. संध्याकाळी विजयसिंह घरी आला. चहा घेतला, तुझीही चौकशी केली. सर, आजाराचा गवगवा कशाला, म्हणाला. उद्या लोक म्हणतील की हात कापणाऱ्या माणसाने तीन महिने तलाव तपासले. पत्र परत घ्या, पूर्वसूचना माफ करतो, निरोप समारंभ थाटात करतो. मी म्हटले की लोक म्हणतील ते खरेच असेल. ९ मेच्या टिप्पण्यांविषयी त्याने काहीच विचारले नाही. त्या विषयी न विचारणारा कचेरीत तो एकटाच आहे, हे तुला आवडेल म्हणून लिहितो.

दोन दिवसांनी पूर्वसूचना माफ करून तात्काळ कार्यमुक्त करीत असल्याचे पत्र आलेच. मी उत्तर दिले की पूर्वसूचनेचा काळ मी मागतो आहे. कार्यभार यादी पूर्ण व्हायची आहे. संचालकांनी माझे म्हणणे मान्य केले, कारण तोवर दक्षता पथकाने नस्ती ताब्यात घेतली होती.

११ सप्टेंबरला पथकाने मला बोलावले. तीन अधिकारी होते. नमुन्यादाखल वीस सह्या करायला सांगितल्या. अक्का, ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याशीसुद्धा खोटे बोललो ती गोष्ट तीन परक्या माणसांसमोर वीस वेळा करायची होती. पहिली सही वाचता येत होती. आठवीनंतर फटकारा गेला. पंधरावीला पहिले अक्षरच उरले. मी थांबलो नाही. विसावी सही म्हणजे रेघ होती, शाई सांडावी तशी. त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी ९ मेची छायाप्रत माझ्या कागदाशेजारी ठेवून पाहिली आणि मग माझ्यासाठी पाणी मागवले. विचारायचे राहिलेच नव्हते.

१८ तारखेला भरावात चाचणी खड्डा घेतला. माती इतकी सैल की नुसत्या हाताने उकरली गेली. तलाव भरणे थांबवले आहे, सांडव्याची पातळी उतरवली आहे. सह्या कोणी गिरवल्या ते अजून ठरलेले नाही; विजयसिंह रजेवर आहे. मला आजार वेळेत न कळवल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती मी नीट घडी घालून ठेवली आहे. एप्रिलनंतरच्या माझ्या अकरा टिप्पण्या दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घेत आहेत. पाच झाल्या, पाचही टिकल्या.

ओळखपत्र, संगणक आणि गाडीची नोंदवही परत केली, ना-देय प्रमाणपत्र घेतले. काल २४ तारखेला कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्तीचा आदेश मिळाला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असेच त्यात लिहिले आहे. आता तो शब्द खरा आहे.

पुढच्या दोन ओळी मी स्वतः लिहितो. ईश्वरीने यंत्र बाजूला ठेवले आहे.

अक्का, पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी तुला हाताने लिहितो आहे, अक्षर असे आहे, वाचता आले नाही तर

*

अंबाजोगाई,
दि. २९ सप्टेंबर २०२५

चि. केदारनाथ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळाले. बिभीषणने ते आज हातात दिले; पाकिटावरचा पत्ता तू लिहिला होतास, हे त्याला आधी ओळखू आले नाही, मग आले.

तुझी शेवटची ओळ 'तर'पाशी थांबते. पुढे काही आहे असा मला संशय होता. बाजारातून भिंग आणवले. खिडकीशी बसून पाहिले. रेघेसारखे दिसते त्यात तीन शब्द आहेत: 'काळजी कर, अक्का'.

विजयसिंहाविषयी माझा संशय कायम आहे आणि तो मी पथकाच्या निर्णयापर्यंत तसाच राखून ठेवीन. ईश्वरीविषयीचा संपला. दसऱ्यानंतर नेकनूरच्या गाडीने मी येते. तिच्या मामांचा रस्सा खाऊन पाहीन, म्हणजे तिची क्षमा मागणे पूर्ण होईल.

येथून पुढे टंकलिखित पत्र मी स्वीकारणार नाही. जेवढे येईल तेवढे हाताने लिही, एक ओळ आली तर एक. भिंग टेबलावरच ठेवले आहे.

तुझी,
अक्का